कुशन: आकार, भरण आणि मांडणी (अनुभव धागा)

निळीशाई: सोफ्यावरची कुशनं चार महिन्यांत चपटी झाली. कव्हर 16 इंची, आतला फिलरही 16 इंची, तरी कोपरे लोंबतात. तुमच्याकडे काय टिकलं ते सविस्तर लिहा.

पायरी: कव्हर शिवते, म्हणून सांगते. फायबरचा फिलर कव्हरपेक्षा दोन इंच मोठा घ्या, म्हणजे तुमच्यासाठी 18 इंची. फायबर दाबला जाऊन कोपऱ्यांपर्यंत पोचतो आणि कापड ताणलेलं राहतं. कव्हर आधी धुऊन, वाळवून शिलाईपासून शिलाईपर्यंत मोजा. सुती कापड आटतं. फोमला मात्र हा हिशोब लावू नका. तो कोपऱ्यात गोळा होत नाही, उलट चेनच उसवते.

रिकामाझोपाळा: एवढं कशाला? जुन्या फिलरमध्येच आणखी फायबर कोंबायचा. माझी कुशनं टम्म आहेत.

पायरी: फायबर पिंजून, थोडा थोडा घातलात तर चालतं. पण अती भरलं की मधे फुगवटा येतो आणि पाठ टेकवली की कुशन घरंगळतं. तळहाताने मधोमध दाबून सोडा. खड्डा हळूहळू भरून आला तर फायबर शाबूत आहे. खड्डा तसाच राहिला आणि हाताला गाठी लागल्या, तर नुसती भर घालून उपयोग नाही.

तिसरामजला: माझा प्रश्न वेगळाच आहे. बेडवर सात उशा मांडते, सुंदर दिसतं, पण रात्री ठेवायच्या कुठे?

निळीशाई: आमच्याकडे झोपायच्या दोन मागे उभ्या आणि पुढे एकच लांबट लोड. सकाळी मिनिटभरात आवरतं.

सायंकाळ: दिसण्याआधी सोफ्याची खोली मोजा. आमची बैठक 24 इंच खोल. सासूबाई मागे टेकल्या की पाय अधांतरी. त्यांची पाठ ते गुडघ्यामागची घडी हे अंतर 18 इंच भरलं. गुडघ्यामागे दोन बोटं मोकळी हवीत, म्हणजे पाठीमागे साधारण सात इंच भरून काढायचे होते. मी सात इंच फुगलेलं फायबरचं कुशन आणलं, तर टेकल्यावर ते निम्मं दबलं आणि त्या पुन्हा मागे गेल्या. आता मागे पाच इंची घट्ट फोम आणि पुढे फायबरचं मऊ कुशन आहे. पाय जमिनीला टेकतात, उठताना हातही द्यावा लागत नाही. पण माझे यजमान उंच, ते बसताना फोम काढूनच ठेवतात.

रिकामाझोपाळा: पिसांचं कुणी वापरलंय का?

सायंकाळ: माझ्याकडे एक आहे. बसायला फार सुख, पण रोज थोपटून फुलवावं लागतं आणि विरळ कापडातून पिसं टोचतात.

पायरी: अस्तर घट्ट विणीचं असेल तर टोचत नाहीत. मी तरी रोजच्या सोफ्याला फायबरच देईन.

तिसरामजला: लोड किती लांब घेतलात? माझा बेड 72 इंच रुंद आहे.