प्रतिसाद: एस ट्रॅप की पी ट्रॅप?

> "कमोडचा पाइप जमिनीतून वर आलाय, दुकानदार म्हणतो पी ट्रॅप घ्या, चालेल. घेऊ का?"

जमिनीतला पाइप म्हणजे सरळ एस ट्रॅप, त्या कमोडचं तोंड खाली जमिनीकडे असतं. पी ट्रॅपचं तोंड मागे भिंतीकडे असतं. बेंड लावून ते खाली वळवता येतं, म्हणून दुकानदार तसं म्हणत असेल. उलटं मात्र जमत नाही.

खरी गंमत मापात आहे. भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर टाइल धरून मोजा. कोऱ्या भिंतीपासून २५० मिमी भरलं आणि प्लास्टर-टाइलने २५ खाल्ले, तर भांडं २२५ चं लागेल. माझ्याकडे हेच विसरलं गेलं. ३०० चं भांडं आणलं, टाकी भिंतीत घुसायला लागली! पाइप भिंतीतून असेल तर जमिनीपासूनची उंची बघा, तीही टाइलवरून.