‘कव्हर्ड स्ट्रँगल’मधला ‘कव्हर्ड’ नेमका कोणाला लागू?

अनुवादक : शेअरच्या ऑप्शन व्यवहारांवरच्या एका मजकुराचे भाषांतर करताना मी ‘कव्हर्ड कॉल’साठी ‘आच्छादित कॉल’ असा शब्द वापरला आणि त्याच न्यायाने ‘कव्हर्ड स्ट्रँगल’ला ‘आच्छादित स्ट्रँगल’ म्हटले. हा शब्द वाचून वाचकाला दोन्ही बाजू सुरक्षित आहेत असे वाटेल का, अशी शंका आहे. जाणकारांनी मत द्यावे.

नवा वाचक : माझ्या समजुतीप्रमाणे स्ट्रँगलमध्ये ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क देणारा कॉल आणि विकण्याचा हक्क देणारा पुट दोन्ही घेतले जातात, म्हणजे भाव कोणत्याही बाजूला जोरात गेला तरी फायदाच होतो. मग ‘संरक्षित’ हा शब्द चालायला काय हरकत आहे?

जुने व्यवहारी : आपण म्हणता तो विकत घेतलेला स्ट्रँगल आहे. इथे कॉल आणि पुट दोन्ही विकलेले असतात आणि शेअर मात्र हातात असतात, म्हणून अर्थ जवळजवळ उलटा होतो. विकलेला कॉल अंगावर आला तर द्यायला शेअर आहेत, एवढ्याच अर्थाने तो ‘कव्हर्ड’. विकलेल्या पुटात मात्र शेअर द्यायचे नसतात, ठरलेल्या भावाने घ्यायचे असतात. हातातले शेअर त्या घेण्याला काहीच आधार देत नाहीत, कारण भाव पडला की तेही त्याच वेळी पडत असतात.

एक उदाहरण मांडतो. 100 च्या भावाने 100 शेअर घेतले, 110 चा कॉल 2 ला विकला आणि 90 चा पुट 2 ला विकला. मुदतीच्या दिवशी भाव 80 असेल, तर शेअरवर प्रत्येकी 20 आणि पुटवर 10 असा 30 चा तोटा होतो. दोन्ही विकून प्रीमियम म्हणून मिळालेले 4 वजा केले की 26 उरतो. पुट विकलाच नसता, तर तोटा 20 वजा 2, म्हणजे 18 झाला असता. भाव आणखी 10 ने घसरून 70 वर आला, तर नुसत्या कव्हर्ड कॉलचा तोटा 28 होतो आणि या रचनेचा 46. म्हणजे त्या शेवटच्या 10 च्या घसरणीने एकीकडे 10 नेले, दुसरीकडे 20. जास्तीच्या 2 च्या प्रीमियमसाठी पत्करलेली ही जोखीम आहे, हे शब्दातून कळायला हवे असे मला मनापासून वाटते.

गणितप्रेमी : म्हणजे पहिल्या रुपयाच्या घसरणीपासूनच तोटा दुपटीने होतो. मग ‘दुहेरी’ हा शब्दच का घेऊ नये?

जुने व्यवहारी : दुप्पट होतो हे खरे, पण पहिल्यापासून नाही. मुदतीच्या दिवशीचा हिशेब धरला, तर 100 ते 90 या टप्प्यात शेअर एकटेच तोटा करतात, पुट निरर्थक ठरतो, आणि 96 च्या खालीच एकूण तोटा सुरू होतो. दुपटीचा उतार 90 च्या खाली लागतो. मुदतीआधी मात्र हा बदल हळूहळू होतो : भाव खाली येऊ लागला की कॉलचा विरुद्ध दिशेचा भार कमी होत जातो, पुटचा वाढत जातो, आणि आपल्याकडे 100 नव्हे तर 150, मग जवळजवळ 200 शेअर असल्यासारखी स्थिती चढ-उताराला प्रतिसाद देऊ लागते. त्यातच घसरणीत सहसा गर्भित अस्थिरता, म्हणजे ऑप्शनच्या किमतीत धरलेली पुढच्या चढ-उताराची अपेक्षा, वाढते आणि विकलेल्या पुटची किंमत आणखी चढते, म्हणून खात्यावरचा तोटा हिशेबापेक्षा लवकर मोठा दिसतो.

अनुभवी गुंतवणूकदार : माझी चूक इथेच झाली होती. शेअर आहेतच, म्हणून पुटसाठी वेगळी रोकड ठेवली नव्हती. भाव पडताच मार्जिन, म्हणजे तारणाची रक्कम, वाढवून मागितले गेले आणि ते भरण्यासाठी मला तेच शेअर पडत्या भावाने विकावे लागले. शब्द नीट कळला असता तर ती रक्कम आधी बाजूला ठेवली असती.

अनुवादक : मग ‘रोख बाजूला ठेवलेला’ पुट असेल, तर ‘आच्छादित’ म्हणता येईल ना?

जुने व्यवहारी : देणे भागवण्याच्या दृष्टीने म्हणता येईल, वरच्या उदाहरणात 9000 राखीव लागतील. पण पुट अंगावर आला की 200 शेअर हाती येतात, सरासरी खर्च प्रीमियम वजा करून 93 पडतो, आणि पुढची घसरण दोनशेवरच बसते. रोकडीने देणे झाकले जाते, जोखीम झाकली जात नाही. मी ‘आच्छादित कॉल व विकलेला पुट’ असे लांबच लिहीन.

गणितप्रेमी : कॉल-पुट समतेने पाहिले, तर व्याज आणि लाभांश बाजूला ठेवून, कव्हर्ड कॉल म्हणजे 110 चा विकलेला पुटच. म्हणून मी या रचनेला ‘दोन विकलेले पुट’ म्हणेन. नाव ओबडधोबड आहे, पण खरे आहे.

अनुवादक : त्या नावाने वाचकाला हातातले शेअर दिसणार नाहीत. मी तूर्त लांब शब्दप्रयोग ठेवते, आणि ‘आच्छादित’ फक्त कॉलला जोडते. ‘स्ट्रँगल’ला मात्र अजून मराठी प्रतिशब्द सापडलेला नाही.