मुग्धाची विद्यार्थी सवलत पुन्हा नाकारली, गुरुवारच्या आत मदत हवी

प्रेषक: वैशाली

सर्वांना नमस्कार,

मुग्धाच्या गाण्याच्या ॲपच्या विद्यार्थी सवलतीचं तेच प्रकरण. कालपर्यंत वाटत होतं की होईल, पण आज सकाळी परत मेल आला की कागद स्वीकारता येत नाही. तिची मोफत मुदत गुरुवारी संपते आणि त्यानंतर खात्यातून पूर्ण रक्कम जाईल. आधी तिने ओळखपत्राचा फोटो दिला, मग कॉलेजच्या पोर्टलवरच्या वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट, आणि शेवटी प्रवेशाचं पत्र. तिन्ही खरे कागद आहेत. मुलगी रोज कॉलेजला जाते आहे. मग हे लोक नेमकं बघतात काय? गेल्या वर्षी ज्यांच्या मुलांचं झालं त्यांनी कृपया सांगावं.

वैशाली

---

प्रेषक: सुधीर

वैशाली,

कागद द्यायची गरजच नाही. कॉलेजचा ईमेल टाकायचा, त्यावर लिंक येते, ती दाबली की काम झालं. आमच्या नातवाचं असंच झालं, दोन मिनिटं लागली नाहीत. मुग्धाने बहुतेक स्वतःचा नेहमीचा ईमेल दिला असणार. कॉलेजचा देऊन बघा.

सुधीर

---

प्रेषक: शुभदा

वैशाली, यापेक्षा कौटुंबिक योजना घ्या ना. आम्ही तीच घेतली आहे, घरातले सगळे त्यात आहेत. गाण्याच्या गटासाठीसुद्धा मंडळाने एक घ्यावी असं मी मागच्या सभेत म्हटलं होतं, त्याचं पुढे काय झालं? मुग्धाच्या खात्यावरून आपण सरावाची गाणी लावतो, म्हणून विचारते.

शुभदा

---

प्रेषक: मिलिंद

सुधीरकाका, तुमच्या नातवाचं झालं ते खरं आहे, पण सगळीकडे तसं नसतं. ॲपल म्युझिकची पडताळणी युनिडेज नावाच्या कंपनीकडे असते. तिथे कॉलेजच्या पोर्टलवर लॉगइन किंवा कॉलेजचा ईमेल यांवर काम भागतं. स्पॉटिफाय आणि यूट्यूब म्युझिक ही पडताळणी शीअरआयडी नावाच्या दुसऱ्या कंपनीकडून करून घेतात, आणि तिथे नुसता ईमेल पुरावा म्हणून धरत नाहीत. कारण साधं आहे. कॉलेज सोडल्यावरही कित्येकांचा कॉलेजचा ईमेल चालू राहतो. त्यांना हवं असतं ते आज शिकतो आहे याचं प्रमाण.

वैशालीताई, मी कॉलेजच्या नोंदणी कार्यालयातच काम करतो, रोज हेच कागद मुलांना देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला टप्पा कागदाचा नसतोच. फॉर्ममध्ये नाव, आडनाव, जन्मतारीख आणि कॉलेज भरलं की त्यांची यंत्रणा ते विद्यार्थ्यांच्या नोंदींशी लगेच जुळवून बघते. जुळलं की तिथल्या तिथे मंजूर. मुग्धाचं तिथे अडलं याची दोन कारणं मला दिसतात. एक म्हणजे सत्र नुकतंच सुरू झालंय. कोण विद्यार्थी सध्या नोंदलेला आहे याची यादी कॉलेजं बाहेर पाठवतात ती सत्र सुरू झाल्यावर, आणि तीही लगेच नाही. त्यामुळे पहिल्या वर्षाची मुलं सुरुवातीचे काही आठवडे त्या यादीत दिसतच नाहीत. दुसरं कारण नावाचं. आपल्या मुलांच्या पासपोर्टवर पुष्कळदा नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात, आणि कॉलेज ती तशीच उचलतं. म्हणजे कॉलेजच्या दफ्तरी तिचं पहिलं नाव 'मुग्धा राजेंद्र' असेल आणि फॉर्ममध्ये तिने 'मुग्धा' एवढंच लिहिलं असेल, तर यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटू शकतात.

तिथे न जुळल्यावर कागद मागतात आणि तो तपासला जातो. एकाच कागदावर तीन गोष्टी हव्या असतात: पूर्ण नाव, कॉलेजचं नाव आणि चालू सत्रातली तारीख. आता मुग्धाचे कागद या नजरेने बघा. ओळखपत्रावर वैधतेची तारीख आहे का? कित्येक कॉलेजांच्या कार्डावर ती छापलेलीच नसते, मग ते कार्ड कधीचंही असू शकतं. वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट तिने फोनवर काढला असेल, तर वरची पट्टी कापली गेली असणार, म्हणजे कॉलेजचं नाव आणि सत्र दोन्ही गेलं. आणि प्रवेशाचं पत्र हे 'तुम्ही येऊ शकता' एवढंच सांगतं. ती आली, फी भरली, वर्गात नाव लागलं, हे त्यात कुठेच नाही. म्हणून ते सहसा चालत नाही.

तिला नोंदणी प्रमाणपत्र काढायला सांगा. पोर्टलवर 'विद्यार्थी कागदपत्रं' असा काहीतरी भाग असतो, तिथून बहुतेक कॉलेजांत स्वतःच पीडीएफ उतरवता येते. ते नसेल तर या सत्राच्या फीची पावती. नाव फॉर्ममध्ये प्रमाणपत्रावर आहे अगदी तसं लिहायचं. आणि कागद पाठवण्याच्या संधी मोजक्याच असतात, म्हणून आता घाईने काहीही अपलोड करू नका.

मिलिंद

---

प्रेषक: सुधीर

> नुसता ईमेल पुरावा म्हणून धरत नाहीत

मिलिंद, आमच्याकडे ॲपलचंच आहे, म्हणजे मी म्हणालो ते बरोबरच होतं. वैशालीने कुठली सेवा ते लिहिलंच नव्हतं. एक मात्र सांगतो. फीच्या पावतीवर विद्यार्थी क्रमांक, पत्ता, भरलेली रक्कम, सगळं असतं. असलं काही कुठल्याही परक्या कंपनीला पाठवू नका. पाठवायचंच असेल तर ते सगळं काळं करून पाठवा.

सुधीर

---

प्रेषक: मिलिंद

काका, काळजी रास्त आहे, पण काळं केलेला कागद तपासणाऱ्याला फेरफार केलेला वाटू शकतो आणि तेवढ्यावरून तो परत येऊ शकतो. त्यापेक्षा ज्यावर ती माहिती मुळातच नसते असा कागद निवडावा. नोंदणी प्रमाणपत्रावर पत्ता आणि फी सहसा नसतात. म्हणूनच मी पावती दुसऱ्या क्रमांकावर ठेवली.

मिलिंद

---

प्रेषक: अनिकेत

मिलिंददादा, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझी पीएचडी चालू आहे, अजून दोन वर्षं तरी आहेत. दर वर्षी पडताळणी करत होतो, आत्तापर्यंत प्रत्येक वेळी झाली. या वेळी फॉर्मपर्यंत पोचूच देत नाहीये, थेट नेहमीची योजना दाखवतंय. नोंदणी प्रमाणपत्र माझ्याकडे आहे, तुम्ही म्हणता तसं तारखेसकट. ते कुठे पाठवू?

अनिकेत

---

प्रेषक: मिलिंद

अनिकेत, तुझा कागद कितीही चोख असला तरी उपयोग होईल असं वाटत नाही. स्पॉटिफायवर सवलत 12 महिन्यांची असते, दर वर्षी नव्याने सिद्ध करायचं, आणि एकूण 4 वर्षांपर्यंतच मिळते. यूट्यूबवरही 4 वर्षंच. ॲपलवर 48 महिने, आणि ते सलग असायला हवेत असं नाही, मधे बंद केलेले महिने त्यात धरत नाहीत. तू पदवीच्या वेळेपासून त्याच खात्यावर घेत असशील तर पीएचडीची मधली वर्षं येईपर्यंत ती मर्यादा संपलेली असणार. तू अजून विद्यार्थी आहेस की नाही हा प्रश्न तिथे उरतच नाही. दुसऱ्या सेवेवर ती सवलत कधी घेतली नसशील तर तिथे नव्याने मोजणी सुरू होईल, तेवढा एक मार्ग आहे.

मिलिंद

---

प्रेषक: शुभदा

माझ्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही. मुग्धाला सवलत मिळाली तर तेच खाते मंडळाने वापरावं, स्वस्तही पडेल. वर्गणी मी गोळा करते.

शुभदा

---

प्रेषक: राजश्री (कार्यकारिणी)

शुभदावहिनी, मंडळाच्या नावाने कुठली वर्गणी घ्यायची ते कार्यकारिणी ठरवेल, यादीवर नको. आणि विद्यार्थी योजना एकाच माणसाची असते. ती कुटुंबाच्या योजनेत मिसळत नाही आणि संस्थेसाठी तर नाहीच. सरावाला मुग्धा स्वतः हजर असताना स्वतःच्या फोनवरून गाणी ऐकवते ते ठीक आहे, पण तिचा पासवर्ड गटात फिरणं मला मान्य नाही. हा विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर घेते. बाकी सगळ्यांना विनंती, तांत्रिक अडचणींसाठी वेगळी यादी आहे.

राजश्री

---

प्रेषक: शुभदा

पासवर्ड फिरवायचं मी कुठे म्हटलं? आणि तांत्रिक यादीवर चार माणसं आहेत, तिथे लिहून उत्तर येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

शुभदा

---

प्रेषक: वैशाली

मिलिंददादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. प्रमाणपत्रावर नाव 'मुग्धा राजेंद्र' आणि पुढे आडनाव असं आहे, आणि ओळखपत्रावर तारीख नाहीच. तिने फॉर्म नव्याने भरला, नाव प्रमाणपत्राप्रमाणे लिहिलं, तरी लगेचची जुळणी झाली नाही. मग प्रमाणपत्राची पीडीएफ अपलोड केली. संध्याकाळी मंजुरीचा मेल आला.

पण अजून एक अडचण आहे. मेलमधली लिंक तिने माझ्या लॅपटॉपवर उघडली आणि तिथे माझं खातं उघडलेलं होतं. आता ती सवलत माझ्या खात्यावर बसायची का? तिने अजून पुढचं बटण दाबलेलं नाही. उद्या गुरुवार.

वैशाली

---

प्रेषक: मिलिंद

दाबू नका. आधी त्या लॅपटॉपवर तुमच्या खात्यातून बाहेर पडा, किंवा सरळ खासगी विंडो उघडा. तिथे मुग्धाच्या खात्यात लॉगइन करा आणि मग तीच लिंक उघडा. पडताळणी मंजूर झाली म्हणजे योजना बदलली असं नाही. शेवटी त्या सेवेच्या पानावर पैसे भरण्याचा टप्पा पूर्ण करावा लागतो, आणि सवलत त्या वेळी उघड्या असलेल्या खात्यालाच लागू होते. पूर्ण झाल्यावर तिच्या खात्याच्या पानावर योजनेचं नाव बदललेलं दिसेल. ते दिसेपर्यंत गुरुवारची जुनी कपात रद्द झाली असं धरू नका.

आणि पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. नव्याने सिद्ध केलं नाही तर योजना बंद पडत नाही, पूर्ण दराने चालू राहते.

मिलिंद

---

प्रेषक: सुधीर

मिलिंद, ते काळं करण्याबद्दल मला अजून पटलेलं नाही. बँकेला कागद देताना आपण क्रमांकावर रेघ मारतोच की, तिथे कोणी परत पाठवत नाही. कुणाचा असा कागद खरोखर नाकारला गेला असेल तर त्यांनी लिहावं.

सुधीर

---

प्रेषक: अनिकेत

सुधीरकाका, माझ्या खोलीतल्या मुलाने बरंच काही झाकलं होतं आणि त्याचं स्वीकारलं गेलं. पण त्याचं नाव, कॉलेज आणि सत्र उघडं होतं. मिलिंददादा म्हणतात ते वेगळ्या कागदाबद्दल असेल.

वैशालीताई, मुग्धाचं झालं का ते कळवा. मी दुसऱ्या सेवेचा फॉर्म भरायला घेतला आहे, आणि माझ्या विद्यापीठाची यादीत दोन नावं दिसतात, एक मुख्य आणि एक दूरशिक्षण विभागाचं. मुख्यच निवडायचं ना?

अनिकेत