1990-030A : हा उपग्रह नक्की कोणाच्या नावावर?

जयंत_ठाणे : जुन्या याद्या चाळताना एशियासॅट-१ सापडला, क्रमांक 1990-030A. रॉकेट चिनी, उपग्रह बांधला अमेरिकी कंपनीने, मालक कंपनी हाँगकाँगची. मग नोंदवला कोणत्या देशाने? क्रमांकावरून कळतं का?

रानवारा : न कळायला काय झालं? १९९० साल, त्या वर्षातलं तिसावं प्रक्षेपण, A म्हणजे मुख्य उपग्रह. प्रक्षेपणांची यादी उघडा : ७ एप्रिल, शिचांग, लाँग मार्च-३. चीन. विषय संपला.

सुनंदा_कु : उत्तर आज बरोबर आहे, पण रीत चुकली. याच रीतीने गेलात तर फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून उडालेले आपले इन्सॅट, जीसॅट फ्रान्सच्या खात्यात जातील, आणि ते तर भारताने नोंदवलेत. त्या क्रमांकात देश नसतोच. तो फक्त कोणत्या उड्डाणातली कोणती वस्तू एवढंच सांगतो.

जयंत, संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्नातल्या अंतराळ कार्यालयाची ऑनलाइन सूची आहे, तिथे पूर्ण क्रमांक टाका. देशाच्या रकान्यावर लगेच विश्वास ठेवू नका. चौकोनी कंसात, हिरव्या अक्षरांत दिसणारी माहिती बाहेरून गोळा केलेली असते, त्या देशाने कळवलेली नसते. खरी नोंद म्हणजे `ST/SG/SER.E/` ने सुरू होणारा कागद. तो उघडून वाचायचा.

हा उपग्रह आधी ब्रिटनच्या नोंदीत होता, कारण हाँगकाँग तेव्हा ब्रिटनकडे. १ जुलै १९९७ ला हाँगकाँग चीनकडे गेलं आणि १९९८ मध्ये दोन्ही देशांनी स्वतंत्र पत्रं दिली : ब्रिटनने सोडला, चीनने घेतला. एशियासॅट-२ आणि दोन ॲपस्टारही त्याच पत्रांत आहेत. एकच कागद वाचून थांबलात तर अर्धीच गोष्ट हाती येते.

रेडिओवाला_मिरज : क्रमांकाने मलाही फसवलंय. एका क्यूबसॅटचे संदेश पकडले, क्रमांक 1998-067 ने सुरू होणारा. म्हटलं वा, पंचवीस वर्षं जुना उपग्रह अजून बोलतोय! १९९८ चं बैकानूरचं उड्डाण म्हणून रशियाचा धरून मोकळा झालो. तुमच्या एशियासॅटचंही असंच असणार.

सुनंदा_कु : नाही हो, तो वेगळा सापळा. अंतराळ स्थानकातून सोडलेल्या वस्तूंना स्थानकाचाच क्रमांक मिळतो, पुढची अक्षरं फक्त वाढत जातात. तुमचा क्यूबसॅट कुठल्यातरी मालवाहू यानातून अलीकडे वर गेला असेल. तिथे साल आणि तळ दोन्ही निरुपयोगी.

रानवारा : बरं, रीत चुकली, मान्य. पण मग माझं म्हणणं असं की नियमच चुकीचा आहे. ज्याचा मालक, त्याची नोंद. घर विकलं की सातबारा बदलतो ना?

सुनंदा_कु : इथे सातबारा तसा बदलत नाही. अंतराळातल्या वस्तूंच्या नोंदणीच्या १९७५ च्या करारात नोंद फक्त ‘प्रक्षेपक देश’ करू शकतो : ज्याने उडवलं, ज्याने उडवून घेतलं, ज्याच्या भूमीवरून किंवा तळावरून उडालं तो. असे अनेक असतील तर त्यांनी आपसात एक ठरवायचा. चीनचं जमलं ते म्हणूनच. शिचांग त्याचंच, म्हणजे तो पहिल्या दिवसापासून प्रक्षेपक देश होताच.

जयंत_ठाणे : म्हणजे कक्षेत असताना विकत घेतला तर?

सुनंदा_कु : आपलंच उदाहरण घ्या. १९९७ मध्ये इन्सॅट-२डी निकामी झाला, तेव्हा भारताने अरबसॅट-१सी विकत घेतला, नाव दिलं इन्सॅट-२डीटी. क्रमांक 1992-010B होता तोच राहिला. त्या १९९२ च्या उड्डाणात भारत कुठेच नव्हता, त्यामुळे करार अक्षरशः वाचला तर नोंदणारा देश होण्याची वाट बंद.

रानवारा : हेच तर! चालवणार भारत आणि कागदावर दुसरंच कोणी. नोंद शोधणाऱ्याने करायचं काय?

सुनंदा_कु : संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या २००७ च्या ठरावात म्हटलंय की ताबा बदलला तर नवा चालवणारा कोण, हे कळवावं. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. आणि मालकाप्रमाणे नोंद फिरवायला माझा विरोधच आहे. पडझड झाली तर भरपाई मूळ प्रक्षेपक देशांकडेच मागायची असते; मालक चार वेळा बदलला म्हणून ती जबाबदारी सरकत नाही.

रानवारा : भरपाईसाठी ठीक. पण उद्या दोन उपग्रह धडकायची वेळ आली तर फोन कोणाला लावायचा, त्या मूळ देशाला? मला पटलेलं नाही.

जयंत_ठाणे : दोन्ही पत्रं मिळाली, आभार. पण वाचता वाचता एक नवीनच निघालं. एशियासॅट-१ म्हणजे मूळचा वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४ मध्ये शटलमधून सोडला, चुकीच्या कक्षेत अडकला, नोव्हेंबरात दुसऱ्या शटलने उचलून खाली आणला, मग १९९० मध्ये पुन्हा उडवला. तेव्हाचा क्रमांक 1984-011B. म्हणजे धड एकच, क्रमांक दोन! आता त्या 1984-011B च्या ओळीत कोणता देश आहे ते बघतो.