फरशी बदलायची आहे: व्हिट्रिफाइड, सिरॅमिक की मार्बल?

ब-३०४: नमस्कार मंडळी. हॉल, किचन आणि दोन बेडरूम मिळून ६४० चौरस फूट फरशी बदलायची आहे. बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि उन्हाळ्यात हॉलमध्ये कुलर चालतोच. दुकानदार चकाचक व्हिट्रिफाइड घ्या म्हणतो, आईला मार्बल हवं आहे, मिस्त्री म्हणतो साधी सिरॅमिक टाका. कोणाचं ऐकू?

अ-२०२: आम्ही दोन वर्षांपूर्वी पॉलिशवाली लावली. दिसते सुंदर. पण मे महिन्यात कुलरमध्ये पाणी भरताना बाजूला थोडंसं सांडतं, तेवढ्यावरून मोठी वहिनी घसरली आणि मनगट मोडलं. आता कुलरखाली पायपुसणी घालतो, तीही सरकते.

क-१०१: ब-३०४, बांधकामात बरीच वर्षं काढली म्हणून सविस्तर लिहितो. मार्बल की टाइल हे आधी ठरवू नका. ओल्या पायाखाली काय यायला हवं ते आधी ठरवा, कारण नागपुरात चार महिने कुलर म्हणजे चार महिने हॉलमध्ये पाणी. पॉलिश केलेल्या कोणत्याही फरशीवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि पाय त्या थरावरून जातो. तिथे मार्बल असो की चकचकीत व्हिट्रिफाइड, फरक नाही. मॅट फिनिशला बारीक खडबडीतपणा असतो, तो हा थर तोडतो. बाबांसाठी हॉलमध्ये मॅटच हवी.

ब-३०४: काका, दुकानात टाइलच्या माहितीत आर-९, आर-१० असं लिहिलेलं दाखवलं. त्यावर विश्वास ठेवू?

क-१०१: उपयोगी आहे, पण पूर्ण नाही. ही चाचणी तेल लावलेल्या उतारावर बूट घालून करतात, घरात आपण अनवाणी असतो. आकडा ९ पासून १३ पर्यंत जातो, जास्त म्हणजे कमी घसरण. हॉलसाठी आर-१० बघा. आणि एक नमुना टाइल घरी आणा. जमिनीवर ठेवून पाणी ओता, थोडं साबणाचं पाणीही ओता, मग भिंतीला किंवा कोणाला धरून अनवाणी पाय सरकवून पाहा. बाबांनाही खुर्चीत बसूनच पाय घासून पाहू द्या. दुकानातल्या कोरड्या फरशीवर चालून काही कळत नाही.

ड-४०३: मॅटवर मळ बसतो न काका? आमच्या मावशी दोनदा पोछा मारतात तरी काळपट दिसते.

क-१०१: बसतो, ताई. खडबडीत तेवढा मळ धरतो, हे मान्य करावंच लागतं. पण बरेचदा काळपटपणा मळाचा नसून साबणाचा असतो. बादलीत फिनाइल जास्त पडतं, त्याचा थर राहतो आणि त्यावर धूळ चिकटते. झाकणभरच घाला आणि शेवटचा पोछा साध्या पाण्याचा मारा. फार खरबरीत मॅट घरात घेऊ नये, ती गच्चीला ठीक. हात फिरवल्यावर रेशमी वाटावी पण ओली असताना पकडावी, अशी मधली निवडा.

अ-५०१: मार्बलबद्दल मी सांगते, आमच्याकडे १२ वर्षं आहे. गार लागतो, पाय सुखावतात, उन्हाळ्यात दुपारी मुलं त्यावरच लोळतात. पण संत्र्याचा रस सांडला आणि तासभर राहिला की तिथे फिका चट्टा पडतो. लिंबू, चिंच, बाथरूमचं अ‍ॅसिड, सगळ्यांनी तेच.

क-१०१: कारण मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आंबट पदार्थ तो विरघळवतात, त्यामुळे तो चट्टा डाग नसून उडालेलं पॉलिश असतं. पुसून जात नाही, घोटाईच करावी लागते. सीलर लावलं तर हळद, तेलाचे डाग मुरायला वेळ लागतो, आंबटापासून मात्र ते वाचवत नाही. मार्बलचा मोठा गुण हाच की पुन्हा घोटून तो नवा करता येतो. व्हिट्रिफाइडवरचा चकाकीचा थर गेला की टाइलच बदलावी लागते.

ब-३०४: खर्चाचं पण सांगा काका. मला मिळालेले दर लिहितो, तुटफूट सोडून, चौरस फुटाला. मार्बल दगड १२०, मजुरी व मसाला ७०, घोटाई ३५, म्हणजे २२५. मॅट व्हिट्रिफाइड टाइल ६५, अ‍ॅडहेसिव्ह १४, मजुरी २८, म्हणजे १०७. सिरॅमिक टाइल ४२, सिमेंट १०, मजुरी २८, म्हणजे ८०.

क-१०१: म्हणजे ६४० फुटाला मार्बल १,४४,०००, व्हिट्रिफाइड ६८,४८०, सिरॅमिक ५१,२००. सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइडमध्ये १७,२८० चा फरक. त्या पैशात काय मिळतं ते बघायला टाइल उलटी करून मागे पाणी टाका. सिरॅमिक पाणी पिते, व्हिट्रिफाइडवर ते तसंच राहतं, कारण तिची पाणी शोषण्याची क्षमता ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असते. सिरॅमिकची वरची चकाकी पातळ असते. कपाट सरकवताना टवका उडाला की आतलं वेगळ्या रंगाचं अंग दिसतं. हॉल आणि किचनला म्हणून व्हिट्रिफाइड, जास्तीचे पैसे वसूल होतात. बाथरूमच्या जमिनीला मॅट सिरॅमिक चालेल, तिथे एक फुटाची छोटी टाइल घ्या. उतार नीट देता येतो आणि जास्त जॉइंट पायाला धरतात.

मार्बल आधीच जड. दगड आणि खालचा मसाला धरून चौरस मीटरला सुमारे १३० किलो पडतात, टाइलला ३० च्या आत. शिवाय मार्बलला जास्त जाडी लागते, म्हणजे दारं खालून कापावी लागतात. तिसऱ्या मजल्यावर जुनी फरशी न काढता वर मार्बल बसवू नका. आईंना हवा असेल तर देवघरात लावा, तेवढ्यासाठी सुंदर आहे.

अ-२०२: आमच्या काही टाइल्स मधोमध वर उचलल्या आहेत, तंबूसारख्या. कंत्राटदार म्हणाला टाइल खराब. खरं आहे का?

क-१०१: बहुतेक बसवणी खराब आहे. नाण्याने टाइलवर टकटक करा, कोपऱ्यांवर आणि मध्यावर. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर खाली हवा आहे. व्हिट्रिफाइड पाणी पीत नाही म्हणून सिमेंटचा मसाला तिला नीट धरत नाही, आणि मिस्त्री घाईत चार कोपऱ्यांत व मध्ये गोळे ठेवून दाबतो. नागपुरात जानेवारीच्या रात्री आणि मेची दुपार यांत खूप फरक असतो. टाइल फुगते, जॉइंट नसेल तर शेजारची तिला ढकलते आणि जी सैल ती उठते.

ब-३०४, मिस्त्रीकडून तीन गोष्टी लिहून घ्या. अ‍ॅडहेसिव्ह दातेरी थापीने पूर्ण टाइलभर पसरायचं. स्पेसर लावून २ ते ३ मिमी जॉइंट ठेवायचा, कितीही 'बिना जॉइंट छान दिसतं' म्हणाला तरी. आणि भिंतीलगत ५-६ मिमी जागा सोडायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. दोन बाय चार फुटांची टाइल घेणार असाल तर विटांसारखी अर्ध्यावर सरकवून लावू नका. लांब टाइल मध्यावर किंचित फुगीर असते, तिथे कडा वर येतात आणि बाबांचा अंगठा त्यालाच लागेल. सरळ रांगेत लावा.

ब-३०४: किती पेट्या घेऊ?

क-१०१: दोन बाय चारच्या पेटीत दोन टाइल, १५.५ चौरस फूट. ६४० ला ८ टक्के तुटफूट धरली की ६९१, म्हणजे ४५ पेट्या. ४६ वी जपून ठेवायला. सगळ्यांवर बॅच नंबर आणि शेड नंबर एकच असल्याचं ट्रक उतरतानाच तपासा. नंतर एक टाइल बदलायची वेळ आली तर तोच रंग बाजारात मिळत नाही.

ड-४०३: काका, मी पण उद्या नाणं घेऊन घरभर टकटक करते.

ब-३०४: नमुना आणतो काका. रविवारी संध्याकाळी तुम्ही येऊन पाणी ओतून बघाल का? मलबा टाकायची परवानगी सेक्रेटरींकडून आजच मागतो.

क-१०१: येतो, सहाला.