बद्ध, मर्यादित की सीमित? लिउव्हिलच्या प्रमेयावरून पडलेला प्रश्न

रंकाळाकाठी
धाकट्या बहिणीसाठी कॉम्प्लेक्स अॅनालिसिसच्या नोट्स मराठीत उतरवतोय. लिउव्हिलच्या प्रमेयापाशी गाडी अडली. मी लिहिलं होतं: ‘संपूर्ण प्रतलावर वैश्लेषिक असलेलं मर्यादित फलन अचर असतं.’ तिनं वाचलं आणि म्हणाली, ‘दादा, z² ची किंमत पण कुठल्याही बिंदूला मर्यादितच येते की. 3 ला 9, 100 ला दहा हजार. अनंत तर कुठंच नाही. मग ते अचर का नाही?’ मला उत्तर माहीत आहे, पण माझ्या वाक्यात ते दिसत नाही, हे तिचं खरं. ‘सीमित’ लिहिलं तर तिला ‘सीमा’ म्हणजे लिमिट आठवते, म्हणजे तिसराच घोळ. बाउंडेडला नेमका शब्द कुठला वापरायचा? आणि कुणी सिद्धतेचा सांगाडा साध्या मराठीत मांडला तर उपकार होतील.

पंचगंगेचा
बद्ध म्हणा की. आमच्याकडं बंधारा आहे, कोल्हापुरी पद्धतीचा. पावसाळा सरला की बरगे घालायचे, पुढच्या पावसाच्या आधी काढायचे. बरगे घातले की पाणी बांधलं गेलं, म्हणजे बद्ध झालं. तसं तुमचं फंक्शन ठरावीक पट्ट्यातच चालतं, त्याच्या बाहेर नाही, असंच ना?

जुना मास्तर
शब्द तुम्ही बरोबर दिलात, अर्थ मात्र उलटा लावलात. इथं पट्टा बांधलेला नाही. फलन सगळ्या प्रतलावर पसरलेलं आहे, कडाच नाही त्याला. बांधलेली आहे ती पातळी. तुमच्याच बंधाऱ्यावर बोलायचं तर पाणी मागं किती लांब साचलंय हे बघायचं नाही, ते बरग्यांच्या वर जात नाही एवढंच बघायचं. आणि पट्टा खरोखरच बांधलेला असेल तर प्रमेय लागूच होत नाही. 1 त्रिज्येच्या चकतीच्या आत f(z) = z घ्या. किंमत 1 च्या वर कधी जात नाही, वैश्लेषिक तर आहेच, आणि तरी अचर नाही.

रंकाळाकाठी, तुमच्या बहिणीनं नेमकं दुखतं तिथंच बोट ठेवलंय. ‘मर्यादित’ म्हटलं की प्रत्येक बिंदूची आपापली मर्यादा असा अर्थ निघू शकतो, आणि ती तर z² लाही आहे. बाउंडेडमध्ये आधी एक आकडा M ठरतो आणि मग तोच सगळ्या बिंदूंना पुरतो. z² ला M दहा लाख धरलात तर z = 1001 पाशी तो मोडतो. M कितीही वाढवा, मोडणारा बिंदू सापडतोच. म्हणून शब्द कुठलाही घ्या, वाक्यात ‘एकच’ आला पाहिजे.

थर्ड इयर
सर, पण प्रमेयच चुकीचं वाटतंय. sin घ्या. −1 ते 1 च्या बाहेर जात नाही, एकच M = 1 पुरतो, वैश्लेषिक तर सगळीकडे. आणि अचर अजिबात नाही. विषय कट.

जुना मास्तर
sin कुठल्या रस्त्यावर चालवलास ते सांग. तू वास्तव अक्षावरून चालवलास, तिथं तुझं शंभर टक्के खरं. प्रमेय मात्र अख्ख्या प्रतलाबद्दल आहे. आता उभ्या अक्षावर चढ आणि z = 10i घे.

sin z = (e^(iz) − e^(−iz)) / 2i

यात z = 10i घातलं की iz = −10 होतं. पहिलं पद e^(−10), म्हणजे जवळजवळ शून्य. दुसरं e^(10), म्हणजे साधारण 22026. त्याचं निम्मं केलंस की sin(10i) चा आकार 11013 च्या आसपास येतो. कुठं 1 आणि कुठं अकरा हजार! आडव्या रस्त्यावर गोगलगाय झालेला sin उभ्या रस्त्यावर असा उधळतो. प्रमेय तुला आधीच सांगत होतं की तो कुठं तरी उधळणारच, कारण अचर नाही हे तू बघितलंसच. कुठल्या दिशेला, हे तेवढं आपण शोधायचं.

थर्ड इयर
व्हय की. पेपरात हेच ‘काउंटर एक्झाम्पल’ म्हणून लिहून आलोय. असू दे.

जुना मास्तर
आता सांगाडा. कॉशीचं सूत्र गृहीत धरतो, ते नोट्समध्ये आधी आलेलं असणार. त्याचं म्हणणं असं की वर्तुळाच्या परिघावरच्या किमती माहीत असल्या की आतल्या कुठल्याही बिंदूची किंमत त्यांच्यावरून काढता येते.

मध्यबिंदू 0 आणि दुसरा कुठलाही बिंदू a घ्या. f(a) आणि f(0) सारखेच आहेत एवढं दाखवलं की संपलं, कारण a आपल्या मर्जीचा आहे. दोघांनाही पोटात घेणारं R त्रिज्येचं मोठं वर्तुळ काढा, R हा |a| च्या दुपटीहून मोठा ठेवा. सूत्र दोनदा लिहून वजाबाकी करा:

f(a) − f(0) = (1/2πi) ∮ f(z) · a / (z(z − a)) dz

सगळी मेख या छेदात आहे. परिघावर z चं अंतर R. a पासूनचं अंतर निदान R/2, कारण a अर्ध्या त्रिज्येच्या आतच आहे. म्हणजे छेद निदान R²/2. वर f(z) फार तर M. परिघाची लांबी 2πR. सगळं गुणून काढलं की

|f(a) − f(0)| ≤ 2M|a| / R

छेदानं R दोनदा दिला, परिघानं एकदा खाल्ला, एक R खाली उरला. आता आकडे घालून बघा. M = 5 आणि |a| = 3 धरा. R = 3000 घेतला तर दोन किमतींतला फरक 0.01 पेक्षा जास्त असू शकत नाही. R = 30 लाख घेतला तर 0.00001. डावीकडे R नाहीच. तो फरक जागचा हलत नाही आणि उजवी बाजू हवी तेवढी खाली आणता येते. म्हणजे फरक शून्य.

बहिणीला दोन गोष्टी विचारा. R वाढवायची मुभा कुठून मिळाली? फलन सगळ्या प्रतलावर आहे यातून. R वाढवताना M तोच का राहिला? फलन बद्ध आहे यातून. तुमचा ‘एकच’ शब्द नेमका इथं कामाला येतो. प्रत्येक वर्तुळाला वेगळा M लागला असता तर R वाढताना तोही वाढत गेला असता.

रंकाळाकाठी
आणि वैश्लेषिक नसेल तर? कॉशीचं सूत्र लागत नाही एवढंच सांगून तिचं समाधान होत नाही.

जुना मास्तर
g(z) = 1/(1 + |z|²) द्या तिला. दिसायला अगदी गुळगुळीत, M = 1 पुरतो, प्रतलभर पसरलेलं. मध्यावर किंमत 1. आता 10 त्रिज्येचं वर्तुळ काढा. परिघावर सगळीकडे एकच किंमत, 1/101. वैश्लेषिक फलनाची मध्यावरची किंमत म्हणजे परिघावरच्या किमतींची सरासरी. इथं सरासरी 1/101 आणि मध्यावर 1. म्हणजे परिघाचा आणि आतल्याचा काही संबंधच उरला नाही. मधे टेकाड आहे आणि दूरच्या वर्तुळाला त्याचा पत्ता नाही. वैश्लेषिक फलनाला असं परस्पर टेकाड उभारता येत नाही.

उद्यमनगर
सरासरीचं वाचून थांबलो. गणित माझं बारावीपर्यंतचं, काम ओतकामाचं. जाड प्लेटच्या एका कडेला भट्टीची धग आणि दुसरी कड गार ठेवली, भरपूर वेळ गेला, की मग प्लेटवरचं तापमान हलायचं थांबतं. तेव्हा कुठल्याही ठिकाणचं तापमान भोवतालच्या वर्तुळाच्या सरासरीएवढं असतं असं एका इंजिनीअर पाहुण्यांनी सांगितलं होतं. हे तेच का? असेल तर तुमचं प्रमेय माझ्या भाषेत असं: प्लेटला कडाच नसेल, तर गरम-गार राखणार कोण? सगळी एकसारखीच होणार.

जुना मास्तर
उद्यमनगर, तेच. वैश्लेषिक फलनाचा वास्तव भाग अगदी तसाच वागतो. एवढंच जोडा की तापमान एकाच कमाल-किमान मर्यादेत राहिलं पाहिजे. नाहीतर उजवीकडे चालत गेलं की सारखं वाढतच जाणारं तापमानही स्थिर राहू शकतं. त्यातही सरासरी बरोबर जुळते.

एडवर्ड नेल्सननं 1961 साली ही सरासरीची वाट धरून एका परिच्छेदाची सिद्धता छापली, तीत एकही सूत्र नाही. दोन बिंदूंभोवती सारख्याच त्रिज्येच्या प्रचंड चकत्या काढायच्या. त्या जवळजवळ पूर्णपणे एकमेकींवर पडतात, कडेला चंद्रकोरी तेवढ्या उरतात. किमती बद्ध आहेत, म्हणून चंद्रकोरींना सरासरी बिघडवण्याएवढी ताकद नाही. दोन्ही सरासऱ्या सारख्या, म्हणून दोन्ही किमती सारख्या. मला विचाराल तर बहिणीला आधी हे सांगा, मग ते इंटिग्रल.

पंचगंगेचा
चंद्रकोरी आवडल्या. पण बद्ध नको म्हणतो आता. आमच्या घरात बद्ध म्हटलं की पुढं कोष्ठच येतं.

थर्ड इयर
😂 परिबद्ध करा मग. आणि लिउव्हिल की ल्यूव्हील?

जुना मास्तर
‘परिबद्ध’ नको. ‘परि’ आला की पोरांना परीघ दिसतो आणि पुन्हा पट्टाच बांधलाय असं वाटतं. मी वर्गात ‘बद्ध’च म्हणत आलो, पण माझ्या शेजारच्या वर्गात ‘मर्यादित’ चालायचं आणि त्या पोरांचंही काही अडलं नाही.

उच्चार फ्रेंचच्या जवळचा हवा तर ल्यूव्हील. खरं तर नावाचाही घोळच आहे. लिउव्हिलनं 1844 मध्ये जे मांडलं ते दोन दिशांना आवर्ती असलेल्या फलनांबद्दल होतं. सर्वसाधारण बद्ध फलनाची सिद्धता त्याच वर्षी कॉशीनं छापली.

रंकाळाकाठी
वाक्य आता असं केलंय: ‘संपूर्ण संमिश्र प्रतलावर वैश्लेषिक असलेल्या फलनाच्या सर्व किमतींना एकच मर्यादा M पुरत असेल, तर ते फलन अचर असते.’ बद्ध हा शब्द समासात टाकलाय. लांबलंय, पण z² आता आत शिरत नाही.

तिनं रात्री आणखी एक उद्योग केला. M च्या जागी √R घातला, म्हणजे फलन हळूहळू वाढतंय असं धरलं. उजवीकडे 2|a|/√R आलं, तेही शून्याकडे जातंय. मग मला विचारते, बद्ध नसतानाही अचर? काही चुकलं का तिचं?

जुना मास्तर
काही चुकलेलं नाही. तेवढ्या मंद गतीनं वाढणारं वैश्लेषिक फलन असूच शकत नाही, अचर सोडून. आता √R च्या जागी R घालायला सांगा, 2|a| उरेल. मग तिलाच विचारा, तिथं कोण आडवं आलं. चकतीत भेटलेलंच फलन आहे.