बिन कार्ड आणि लेजर जुळत नाही, शॉर्टेज कुठल्या आकड्यावर काढायचं? (भोसरी)

स्टोअर_भोसरी: पितळी रॉडचं मोजमाप झालं 31 मार्चला. लेजरला 500 किलो, बिन कार्डला 460, आणि काट्यावर भरले 448. मालक म्हणतात 52 किलो गेले, स्टोअरकीपरच्या पगारातून कापा. लेजरचा सरासरी रेट 616, म्हणजे 32,032 रुपये. बरोबर आहे का हे?

मिलिंद_पिंपरी: बिन कार्ड मालाजवळ असतं, तेच खरं धरायचं. 12 किलो गुणिले 616, विषय संपला.

कॉस्टिंगवाली_ताई: मिलिंद, 12 बरोबर वाटतायत पण बिन कार्डवर डोळे झाकून विश्वास नको, तेही माणूसच लिहितो. भाऊ, आधी लेजर आणि बिन कार्डमधल्या त्या 40 किलोच्या फरकाचा कागद शोधा, मार्चअखेरच्या रिक्विझिशन स्लिपा काढा, माल दिला आणि स्लिप अकाउंट्सला गेलीच नाही असं बहुतेक निघेल.

स्टोअर_भोसरी: ताई सापडली! 28 मार्चची स्लिप, 40 किलो, व्हॉल्व्हच्या जॉबला दिलेत. बिन कार्डला नोंद आहे, लेजरला नाही.

कॉस्टिंगवाली_ताई: मग ते शॉर्टेज नाहीच, तो जॉबचा खर्च. आता त्या तारखेला रेट काय होता आणि नंतर माल आला का?

स्टोअर_भोसरी: 28 ला 300 किलो होते 600 च्या रेटने, 30 ला 200 किलो आले 640 ने.

कॉस्टिंगवाली_ताई: तर 40 किलो 600 नेच काढा, 24,000 जॉबवर टाका. मग उरले 260 किलो, त्यात नवे 200 मिळवले की 460 किलोचे 2,84,000, म्हणजे रेट 617.39 येतो, 616 नाही. 12 किलोचं शॉर्टेज 7,409 रुपये. क्रम चुकला की रेटही चुकतो, म्हणून राहिलेली स्लिप आधी पोस्ट करायची, शॉर्टेज सगळ्यात शेवटी.

चाकण_वाला: आमच्याकडे उलट झालं, माल 15 किलो जास्त निघाला, आनंदाने लेजर वाढवलं. चालतं ना?

कॉस्टिंगवाली_ताई: कारण शोधल्याशिवाय नको, बहुतेक कोणाकडून परत आलेल्या मालाची नोंद राहिली असेल. वेगळा धागा काढा ना प्लीज.

मिलिंद_पिंपरी: 12 किलो ओव्हरहेडला टाकून द्या, नॉर्मलच आहे.

कॉस्टिंगवाली_ताई: नॉर्मल कशावरून? रॉड इश्यू करताना वजन करता की लांबीवरून किलो काढता? लांबीवरून काढत असाल तर प्रत्येक वेळी थोडा फरक पडतो आणि तो साठत जातो, अशी हानी ओव्हरहेडला जाईल. पण कारण मिळालं नाही तर ॲबनॉर्मल, थेट कॉस्टिंग नफातोट्याला, जॉबच्या डोक्यावर नाही. आणि राइट ऑफ केलेल्या मालाचं इनपुट क्रेडिट जीएसटीच्या कलम 17(5)(एच) खाली परत करावं लागतं, ते सीएंना विचारा.

स्टोअर_भोसरी: लांबीवरूनच काढतो ताई. शिवाय जॉबवर्कला गेलेल्या मालाचं एक चलन अजून बघायचं राहिलंय. पगार कापण्याचं मालकांना थांबवतो तोपर्यंत.